चौथा कामगार घ्यायचा का?

इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे सूत स्वतःचे नसते आणि कापडही नसते. व्यापारी सूत देतो, हा विणून देतो आणि मजुरी घेतो. मजुरीचा दर बाजार ठरवतो, कामगाराचा रोजही बाजारच ठरवतो. हजारो कारखान्यांत त्याचा एक. त्याच्या हातात उरतो एकच प्रश्न: माणसे किती ठेवायची?

समजा, त्याच्याकडे 24 माग आहेत. मीटरला 7 रुपये मजुरी मिळते आणि वीज, तेल, सुटे भाग यांचा मीटरमागे 2 रुपये खर्च जातो. हिशेबाला धरायचे ते उरलेले 5 रुपये. पाळीचा रोज 700 रुपये मानू.

एकट्या कामगाराकडून पाळीत 360 मीटर कापड निघते, दोघांकडून 660, तिघांकडून 860, चौघांकडून 980. चौथा आळशी नसतो. माग मात्र तेवढेच असतात. ताण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग थांबतो आणि माणूस पोहोचेपर्यंत उभा राहतो. दुसऱ्या कामगाराने असा बराच खोळंबा वाचवलेला असतो. चौथ्याला वाचवायला थोडाच उरतो. चौघांनी जागा बदलल्या तरी आकडे हेच येतील.

आता प्रत्येक वाढीव माणसामुळे किती पैसे वाढतात ते पाहू. दुसऱ्यामुळे 300 मीटर, म्हणजे 1500 रुपये. तिसऱ्यामुळे 1000. चौथ्यामुळे 120 मीटर, म्हणजे 600 रुपये. या वाढीव रकमेलाच अर्थशास्त्रात श्रमाचे सीमांत प्राप्ती उत्पादन म्हणतात. ती रोजापेक्षा जास्त आहे तोवर माणूस घ्यायचा. इथे तिसऱ्यावर थांबायचे.

मालक फसतो तो सरासरीला. चौघांचे 4900 रुपये, म्हणजे माणशी 1225, रोजापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून चौथा परवडतो असे वाटते. पण रोज वजा जाता तिघांवर 2200 रुपये उरतात, चौघांवर 2100. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता या तुलनेत येतच नाहीत, कारण माणसे कितीही असली तरी ते तेवढेच राहतात.

मजुरी मीटरला 8 रुपये झाली, तर चौथ्यामुळे 720 रुपये येतील आणि त्याला काम मिळेल. रोज 1050 वर गेला, तर तिसऱ्याचे 1000 रुपयेही अपुरे पडतील. कामगाराची नोकरी कापडाच्या भावावरही उभी असते ती अशी.

प्रत्यक्षात यंत्रमागावर मोबदला बहुतेकदा मीटरवर मिळतो. मग वाटते, माग उभा राहिला तर मालकाचे काय गेले? पण माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचे माग घटतात आणि कमाईही घटते. शेजारच्या कारखान्यात जास्त पडत असतील तर कामगार तिकडे जातो. त्याने मालकाकडून उचल घेतली असेल तर मात्र त्याला सहज जाता येत नाही. तेव्हा त्याच्या हाती पडते ती मजुरी बाजाराची उरत नाही, आणि हा सगळा हिशेबही तिथे लागू पडत नाही.