मुळात नसलेला शब्द

भाषांतराच्या मुद्रणप्रतीवर प्रकाशनसंस्थेचा संपादक काम करतो तेव्हा तो एकदा ती प्रत स्वतंत्र पुस्तक म्हणून वाचतो आणि एकदा मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचतो. दुसऱ्या वाचनात काही ठिकाणी भाषांतरात असा शब्द सापडतो, ज्याला मुळात काहीच आधार दिसत नाही. संपादकाने तो परस्पर खोडायचा नसतो. त्याबद्दल भाषांतरकाराला विचारायचे असते, आणि ही विचारणा पत्राने होते. आजकाल हे पत्र बहुधा ईमेलने जाते किंवा संगणकावरच्या प्रतीत समासातल्या टिपांच्या रूपात असते, पण त्याची घडण जुनीच आहे.

मुळात नसलेला प्रत्येक शब्द विचारण्यासारखा नसतो. इंग्रजीतल्या एका सर्वनामासाठी मराठीत ‘आपण’ की ‘आम्ही’, ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते. इंग्रजीत एकाच शब्दाने भागते ते नाते मराठीत काका, मामा किंवा आत्याचा नवरा यांपैकी एक होऊन येते. लेखकाने जे सांगितलेच नाही ते इथे भाषा भाषांतरकाराकडून वदवून घेते. अशा जागी फार तर ‘हा मामाच कशावरून?’ एवढे विचारता येते. पत्राचा खरा विषय वेगळा असतो: जो शब्द गाळला असता तरी मराठी वाक्य व्याकरणाने पुरे झाले असते, तरीही जो आला, असा शब्द.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले प्रकरण पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतले आहे. मार्टिन लूथरने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर 1522 मध्ये छापले गेले. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, माणूस कर्मकांडावाचून श्रद्धेने नीतिमान ठरतो अशा आशयाचे वाक्य आहे. लूथरने तिथे ‘केवळ’ या अर्थाचा जर्मन शब्द घातला. तो मूळ ग्रीकमध्ये नाही आणि चर्चमध्ये प्रचलित असलेल्या लॅटिन पाठातही नाही. विरोधकांनी त्यावर झोड उठवली. 1530 मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात राहत असताना लूथरने भाषांतराविषयीचे एक खुले पत्र लिहून उत्तर दिले. हा शब्द मुळात नाही हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, असे त्याने त्यात आधीच मान्य करून टाकले.

त्याच्या बचावात दोन निरनिराळी कारणे होती. पहिले भाषेचे. एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही असे सांगताना जर्मन माणूस ‘केवळ’ घालूनच बोलतो, असे त्याचे म्हणणे. शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसे आणत नाही, असे साधे उदाहरण त्याने दिले. भाषांतरकाराने घरातल्या बाईचे, रस्त्यावरच्या पोरांचे आणि बाजारातल्या सामान्य माणसाचे बोलणे ऐकावे, हा त्याचा प्रसिद्ध सल्ला याच पत्रात आहे. दुसरे कारण सिद्धान्ताचे होते: पौलाला हेच म्हणायचे आहे. ही दोन कारणे एकाच दमात दिली असली तरी त्यांचे वजन सारखे नाही. पहिले कारण बोलीभाषेच्या दाखल्यांवर तपासता येते. दुसऱ्यात भाषांतरकार मूळ लेखकाच्या वतीने बोलू लागतो, आणि विरोधकांचा राग नेमका तिथेच होता. संपादकाच्या पत्रालाही हाच भेद करायचा असतो: शब्द भाषेने मागितला, की भाषांतरकाराच्या समजुतीने?

मराठीत हा प्रश्न एका अक्षरावर येऊन ठेपतो. ‘श्रद्धेने’ आणि ‘श्रद्धेनेच’ यांत लूथरचा सगळा वाद मावतो. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ हे शब्द मराठी लिहिणाऱ्याच्या हातून इतक्या सहज उतरतात की आपण काही घातले आहे हे त्याला जाणवतही नाही.

धर्मग्रंथांपुरती एक सोय इंग्रजीत झाली होती. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मुळात नसलेले पण इंग्रजीला लागणारे शब्द निराळ्या टाइपात छापले गेले, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्यासाठी तिरपा टाइप आला. कादंबरीत असे करता येत नाही. तिथे घातलेला शब्द वाचकाला लेखकाचाच वाटतो, म्हणून त्याची चौकशी छपाईआधीच व्हावी लागते.

पत्र लिहिण्याआधी संपादकाला एक खात्री करून घ्यावी लागते: दोघांसमोर मूळ पुस्तकाची तीच आवृत्ती आहे का? लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत वाक्य बदललेले असू शकते. रशियन किंवा फ्रेंच पुस्तक इंग्रजीमार्गे मराठीत येत असेल तर गुंता वाढतो. शब्द मराठी भाषांतरकाराचा नसून मधल्या इंग्रजी भाषांतरकाराचा असू शकतो, आणि मग आरोप भलत्याच दारी जातो.

संपादकाला मूळ भाषा येत नसेल, तरी संशयाच्या जागा ओळखता येतात. एकामागून एक येणारे ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणूनच’, संवादानंतर लागणारी ‘खिन्नपणे’, ‘उपरोधाने’ अशी क्रियाविशेषणे, एखाद्या पदार्थाच्या किंवा सणाच्या नावामागोमाग ‘म्हणजे’ने सुरू होणारा खुलासा, या त्या जागा. शोशाना ब्लुम-कुल्का या अभ्यासक बाईंनी 1986 मध्ये मांडले की भाषांतर मुळापेक्षा अधिक उलगडून सांगण्याकडे झुकते आणि हा झुकाव भाषांतराच्या प्रक्रियेतच असतो. त्यांचा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही, पण मूळ शेजारी ठेवून प्रत वाचणाऱ्याला या झुकावाचा अनुभव पानोपानी येतो.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेता येईल. एका इंग्रजी कादंबरीत वडील गेल्यावर दोन भावांची वाटणी होते. मुळातली दोन वाक्ये शब्दशः अशी आहेत: ‘त्याने कागदावर सही केली. त्याने भावाकडे पाहिले नाही.’ भाषांतरात आहे: ‘त्याने कागदावर सही केली, पण शरमेने भावाकडे पाहिले नाही.’ संपादकाचे पत्र साधारण असे असेल:

‘स. न. वि. वि. मूळ पृ. 84, ओळ 11. आपली प्रत पृ. 97, परिच्छेद दुसरा. मुळात “शरमेने” या अर्थाचा शब्द मला आढळला नाही. पुढे अकराव्या प्रकरणात धाकटा भाऊ म्हणतो की, थोरल्याने त्या दिवशी मान वर का केली नाही हे त्याला कधीच कळले नाही. इथे कारण सांगितले तर तिथला संभ्रम वाचकापुरता उरत नाही. आपण हा शब्द काही कारणाने योजला असल्यास कृपया कळवावे. मुळातल्या पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम आणि “पण” आले आहेत, तेही एकदा पाहावे.’

या पत्रात जागा दोन्ही पुस्तकांतली दिली आहे, त्यामुळे भाषांतरकाराला शोधाशोध करावी लागत नाही. ‘आढळला नाही’ असे लिहिले आहे, ‘नाही’ असे नव्हे. चूक संपादकाचीही असू शकते. हरकतीचे कारण पुस्तकातूनच दिले आहे. ‘शब्द मुळात नाही’ एवढेच लिहिले असते तर ‘मग मराठीत वाक्य कोरडे वाटते’ एवढेच उत्तर आले असते, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर राहिल्या असत्या. अकराव्या प्रकरणाचा हवाला आल्यावर प्रश्न दोघांच्या आवडीनिवडीचा राहत नाही.

सर्वांत उपयोगी भाग मात्र शेवटचे वाक्य आहे. भाषांतरकाराने ‘शरमेने’ का घातले असेल? मुळात दोन तुटक वाक्यांच्या मध्ये एक थांबा आहे, आणि त्या थांब्यात वाचक भावांमधला ताण ऐकतो. भाषांतरात वाक्ये स्वल्पविराम आणि ‘पण’ने जोडली गेली, थांबा गेला, आणि वाक्य पोकळ वाटू लागले. ती पोकळी भरायला ‘शरमेने’ आले. घातलेला शब्द बऱ्याचदा असा जवळच कुठेतरी गमावलेल्या गोष्टीची भरपाई असतो. नुसता तोच खोडला तर ‘सही केली, पण भावाकडे पाहिले नाही’ असे आधीपेक्षाही लंगडे वाक्य उरते, आणि भाषांतरकाराची तक्रार खरी ठरते.

समजा, भाषांतरकाराने उत्तरात ‘शरमेने’ सोडले, पण मुळाबरहुकूम दुसऱ्यांदा ‘त्याने’ घेतल्यास मराठी कानाला ते इंग्रजी वाटते असे कळवले. हे म्हणणे रास्त आहे. ‘त्याने कागदावर सही केली. भावाकडे पाहिले नाही.’ इथे थांबा परत येतो आणि कर्ता गाळल्यामुळे वाक्य अधिकच आखडते. ‘पाहिलेही नाही’ करण्याचा मोह होईल, पण त्या ‘ही’मधून तुच्छता डोकावते आणि एक कारण काढून दुसरे घातल्यासारखे होते.

उत्तर नेहमी असे माघारीचे नसते. शब्द त्या वाक्यात नसला तरी मागच्या परिच्छेदात असू शकतो, आणि भाषांतरकाराने तो मुद्दाम इकडे हलवलेला असतो. एखादा मूळ शब्दच दोन अर्थांचा असतो आणि मराठीत ते दोन अर्थ एका शब्दात मावत नाहीत. कधी मूळ लेखकाशीच पत्रव्यवहार झालेला असतो आणि त्याने संमती दिलेली असते. असे असेल तर तो पुरावा संपादकाने फाइलीत ठेवावा. लेखक हयात असून भाषांतरकार आणि संपादक यांचे जुळत नसेल, तर लेखकाला किंवा त्याच्या हक्कांचे काम पाहणाऱ्या संस्थेला विचारणे हा सरळ मार्ग आहे.

त्याला कायद्याचीही बाजू आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतर करण्याचा हक्क मूळ कृतीच्या कॉपीराइटचा भाग आहे. कलम 57 प्रमाणे, लेखकाने हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड किंवा फेरफार झाल्यास तो दाद मागू शकतो. एका ‘शरमेने’वरून खटला उभा राहणे अवघड आहे, आत्मचरित्रात किंवा राजकीय लेखनात मात्र जादा विशेषणाने एखाद्या हयात व्यक्तीवर आरोप होऊ शकतो, आणि तिथे संपादकाला अधिक कडक व्हावे लागते. दुसरीकडे, भाषांतर ही स्वतःचा कॉपीराइट असलेली कृती आहे, त्यामुळे भाषांतरकाराला न विचारता केलेली दुरुस्तीही वादाला कारण ठरू शकते.

या पत्रव्यवहारात बिघाड होतो तो बहुधा दोन ठिकाणी. काही संपादक चाळीस शंका एकाच यादीत पाठवतात, तीत स्वल्पविराम आणि अर्थबदल एकाच पंक्तीला बसतात, आणि भाषांतरकार वैतागून सरसकट ‘ठीक’ किंवा सरसकट ‘राहू द्या’ लिहितो. उलट प्रकारात शंका इतक्या उशिरा, शेवटच्या प्रुफांच्या वेळी निघतात की शब्द काढला तर ओळी सरकतात आणि पाने पुन्हा लावावी लागतात. मग शब्द राहतो तो केवळ वेळ नसल्यामुळे. म्हणून अर्थाच्या शंका अक्षरजुळणीआधी आणि लेखनाच्या दुरुस्त्यांपासून वेगळ्या पाठवलेल्या बऱ्या. ठरलेला निर्णय पुस्तकाच्या शैलीपत्रकात पानाच्या क्रमांकासह नोंदवला जातो, नाहीतर स्वल्पविराम परत बसवणारा एखादा दक्ष मुद्रितशोधक पुढच्या टप्प्यावर हमखास भेटतो.