एका कानात प्रश्न, दुसऱ्या कानात उत्तर

बसमध्ये शेजारच्या मैत्रिणीला एक इअरफोन दिला आणि पॉडकास्ट लावला. तुम्हाला फक्त प्रश्न ऐकू येतायत, तिला फक्त उत्तरं! कॉलेजच्या चॅनलवरच्या मुलाखतींमध्ये हा घोळ बऱ्याचदा सापडतो. गंमत म्हणजे फोनच्या स्पीकरवर तीच मुलाखत ठीक वाटते, कारण छोट्या स्पीकरवर दोन्ही आवाज एकत्रच कानावर पडतात. म्हणून अपलोड करण्याआधी कुणाच्या लक्षात येत नाही.

हे होतं कशामुळे? दोन कॉलर माइक आणि एकच रिसीव्हर असला, की बरेच रिसीव्हर एक माइक डाव्या चॅनलला आणि दुसरा उजव्या चॅनलला पाठवतात. म्हणजे एका फाइलमध्ये दोन स्वतंत्र मोनो आवाज. याला म्हणतात ड्युअल मोनो. फाइलमध्ये मात्र 'दोन चॅनल' एवढीच नोंद असते, कोणाचा आवाज कुठे हे लिहिलेलं नसतं. एडिटिंग सॉफ्टवेअर ती साधी स्टिरिओ फाइल समजतं आणि आवाज डाव्या-उजव्या कानात वाटून टाकतं.

ओळखायचं कसं? वेव्हफॉर्म बघा. खऱ्या स्टिरिओत वरची आणि खालची लाट साधारण सारखी दिसते. ड्युअल मोनोत वरची फुगलेली असताना खालची बारीक, आणि उलट. खात्रीसाठी एक इअरफोन काढून ऐका. दोन्ही लाटा हुबेहूब सारख्या असतील, फक्त एक लहान असेल, तर तो दुसरा माणूस नव्हे. काही रेकॉर्डर तोच आवाज कमी लेव्हलला 'सेफ्टी' म्हणून ठेवतात, ती ती प्रत आहे.

सरळ मोनो करू नका

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे 'मोनो करून टाकू'. आवाज दोन्ही कानांत येतो खरा, पण दोन चॅनल कायमचे मिसळतात. पाहुण्यांचा आवाज तुमच्या माइकमध्येही थोडा शिरलेला असतो. तुमचा माइक त्यांच्या माइकपेक्षा एक मीटर लांब असेल, तर तिथे तो सुमारे 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे दोन आवाज एकमेकांवर बसले की काही फ्रीक्वेन्सी कटतात आणि माणूस पाइपमधून बोलल्यासारखा पोकळ ऐकू येतो. हा पोकळपणा नंतर काढणं फार अवघड.

त्यापेक्षा आधी चॅनल वेगळे करा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत `Split Stereo to Mono` निवडा. शेजारीच `Split Stereo Track` असतं, पण त्यात आवाज डावी-उजवीकडेच राहतात. प्रीमिअरमध्ये क्लिप टाइमलाइनवर टाकायच्या आधी `Modify > Audio Channels` मध्ये जाऊन दोन मोनो क्लिप करा. कमांड लाइनवाल्यांसाठी:

```
ffmpeg -i mulakhat.wav -filter_complex "channelsplit=channel_layout=stereo[L][R]" -map "[L]" host.wav -map "[R]" guest.wav
```

आता दोन्ही ट्रॅक मध्यभागी पॅन करा, लगेच नावं द्या आणि पुढे-मागे सरकवू नका.

खरा फायदा इथे

समजा, तुम्ही निवृत्त एसटी कंडक्टर काकांची मुलाखत घेतलीत. तुमचा आवाज उणे 6 डेसिबलपर्यंत जातोय, काका मात्र हळू बोलणारे, उणे 18 पर्यंतच. ट्रॅक वेगळे असल्यामुळे फक्त काकांचा 12 डेसिबलने वाढवता येतो. दोघे बरोबरीत आले.

पण एक अडचण. काकांच्या माइकमध्ये शिरलेला तुमचा आवाज उणे 30 वर होता, तोही आता उणे 18 झाला. म्हणून तुम्ही प्रश्न विचारताय तेवढ्या भागात काकांचा ट्रॅक 10-12 डेसिबलने खाली आणा आणि काका बोलताना तुमचा. पूर्ण म्यूट करू नका, कारण खोलीतल्या पंख्याची घरघर एकदम गायब होते आणि ती शांतता कानाला खटकते. दोघे एकाच वेळी बोलले किंवा हसले, तिथे दोन्ही ट्रॅक उघडे ठेवा. तेवढा जरा पोकळपणा चालवून घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या हातात नाही. रेकॉर्डिंग करतानाच एखादा आवाज फाटला असेल किंवा रिसीव्हरने दोन्ही माइक आधीच मिसळून पाठवले असतील, तर चॅनल वेगळे करून काही मिळत नाही. त्यामुळे शूटच्या आधी रिसीव्हरचा मोड `Stereo` आहे की `Mono` ते तपासा. मग दोघांनी आळीपाळीने आपापलं नाव सांगायचं. इअरफोनवर डावीकडे कोण, उजवीकडे कोण ते कळतं आणि एडिटला बसलेल्याला ट्रॅकची नावंही आयती मिळतात. एक्स्पोर्ट झाल्यावर एकदा फक्त डावा आणि एकदा फक्त उजवा इअरफोन लावून दोन-दोन मिनिटं ऐका. दोन्हीत प्रश्न आणि उत्तर ऐकू आलं, की करा अपलोड!