एका श्वासाचे वाक्य

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. नकारही शेवटीच येतो, मग तो 'देऊ नका' असो की 'चालत नाही'. बोलणाऱ्याच्या छातीतली हवा संपते तीही तिथेच. दीड-दोन मिनिटांच्या माहितीपर व्हिडिओची संहिता तपासताना प्रत्येक वाक्य एका श्वासात बसते का, हे पाहावे लागते ते मुख्यतः यामुळे. वाक्य लांबले की शेवटच्या तीन-चार शब्दांवर आवाज खाली बसतो, आणि करायचे की नाही हे सांगणारे शब्द नेमके तेच असतात. वाचकाची नजर मागे जाऊन वाक्य पुन्हा पकडते. ऐकणाऱ्याला ती सोय नसते, कारण तोवर पुढचे वाक्य सुरू झालेले असते.

सावकाश, समजावून सांगण्याच्या लयीत मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. एका श्वासात आरामात पाच-सहा सेकंद बोलता येते. म्हणजे दहा-बारा शब्दांचे वाक्य सोयीचे. छातीत हवा कोंडून याच्या दुप्पटही बोलता येईल, पण तेव्हा घसा आवळला जातो आणि ते ध्वनिमुद्रणात कळते. हे आकडे अंदाजाचेच आहेत. ज्याचा आवाज वापरायचा आहे त्याने घड्याळ लावून एक पान वाचावे आणि स्वतःचा वेग काढावा.

लहान मुलांच्या जुलाबावरच्या एका व्हिडिओसाठी पुढील वाक्य लिहिले आहे असे समजू.

'अतिसारामुळे शरीरातील पाणी व क्षार कमी झालेल्या लहान मुलांना तातडीने देता येणारे जलसंजीवनीचे द्रावण हे एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पूर्णपणे विरघळवून घरच्या घरी तयार करण्यात येऊ शकते.'

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. शब्द मात्र चाळीस आहेत, म्हणजे जवळपास वीस सेकंद. ते मनात वाचून काहीच कळत नाही, कारण मनात वाचताना श्वास लागत नाही. उभे राहून, ध्वनिमुद्रणाच्या वेगाने, मोठ्याने वाचावे आणि जिथे श्वास घ्यावा लागला तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारावी. अशा वाक्यात पहिली रेघ बहुधा 'देता येणारे'च्या आसपास पडते, आणि विशेषण नामापासून तुटते. दुसरी 'सहा सपाट चमचे' आणि 'साखर' यांच्यामध्ये पडली, तर माप एकीकडे आणि पदार्थ दुसरीकडे जातो. त्याहून वाईट म्हणजे 'अर्धा सपाट चमचा मीठ' हे शब्द श्वास संपत आल्यावर येतात. 'अर्धा' हा शब्द गिळला गेला, तर ऐकणाऱ्याच्या हाती 'चमचा मीठ' उरते. या द्रावणात मीठ जास्त पडणे मुलासाठी धोक्याचे असते.

आता वाक्य सोडवायचे. मराठीत ते लांबवण्याचे काम प्रामुख्याने 'झालेल्या', 'असलेल्या', 'येणारे' ही धातुसाधिते करतात. प्रत्येक धातुसाधित म्हणजे नामाच्या डोक्यावर ठेवलेले एक अख्खे वाक्य. ते खाली उतरवून त्याला त्याचे क्रियापद परत द्यायचे. 'तयार करण्यात येऊ शकते' या कार्यालयीन वळणाचे 'करता येते' होते. 'शरीरातील'ऐवजी 'अंगातलं' येते, कारण संहिता तोंडाने बोलायची आहे.

'जुलाब झाले की मुलाच्या अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात. ते भरून काढायला जलसंजीवनी द्या. ती घरीच करता येते. एक लिटर पाणी उकळून गार करा. मापाला चहाचा चमचा घ्या. पाण्यात सहा सपाट चमचे साखर घाला. मीठ मात्र अर्धाच चमचा, तोही सपाट. दोन्ही पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.'

मोजले तर शब्द चाळिसाहून थोडे जास्तच भरतात. श्वासासाठी केलेले संपादन म्हणजे मजकूर कमी करणे नव्हे, त्यामुळे वेळ वाचेल अशी अपेक्षा धरू नये. उलट वाक्यांमधल्या विरामांमुळे दोन-तीन सेकंद वाढतात, आणि ते दुसरीकडचे एखादे वाक्य पूर्ण काढून भरून काढावे लागतात. मिळते ते असे, की मिठाचे माप ताज्या श्वासावर, स्वतःच्या वाक्यात, पूर्ण आवाजात येते.

तोडलेल्या वाक्यांत सर्वनामे जपावी लागतात. मूळ लांब वाक्यात नाते व्याकरणाने बांधलेले होते, आता ते 'ते', 'ती', 'त्यात' यांच्यावर आले. साखरेच्या वाक्यात 'त्यात' न म्हणता 'पाण्यात' म्हटले आहे, कारण मध्ये चमच्याचे वाक्य आले आणि 'त्यात' म्हणजे चमच्यात असे क्षणभर वाटू शकते. लिहिताना पुनरुक्ती खटकते, ऐकताना तिचा आधार वाटतो.

नकाराच्या वाक्यांकडे वेगळे लक्ष हवे. 'उलटी झाली तरी जलसंजीवनी थांबवू नका. दहा मिनिटं थांबा.' ही दोन्ही वाक्ये सुटसुटीत आहेत, पण कानाला 'थांबवू नका' आणि 'थांबा' एकमेकांवर आदळतात. 'उलटी झाली तरी जलसंजीवनी बंद करू नका. दहा मिनिटं जाऊ द्या. मग एकेक चमचा, सावकाश द्या.' असे केले की घोटाळा उरत नाही.

आकडे आणि संक्षेप डोळ्याला फसवतात. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर असेच द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. संहितेत ही माहिती घ्यायची तर 1971 हा कागदावर एकच शब्द दिसतो, तोंडात मात्र 'एकोणीसशे एकाहत्तर' होतो, आणि 'डॉ.'चे 'डॉक्टर' होते. म्हणून मोजण्याआधी सगळे आकडे अक्षरी लिहून घ्यावेत. साल आणि छावणीला एक वाक्य द्यावे, डॉक्टरांना आणि उपचाराला दुसरे. ह, फ आणि ख-घ-भ यांसारखी महाप्राण अक्षरे जास्त हवा खातात. अशा अक्षरांची गर्दी असलेले दहा शब्दही दमवतात, तेव्हा शब्दसंख्येपेक्षा पेन्सिलीची रेघ खरी मानावी.

तोडण्यालाही मर्यादा आहे. अट आणि तिचा परिणाम एका श्वासातच राहायला हवेत. 'मूल सुस्त पडलं किंवा पाणी पिईना, तर लगेच दवाखान्यात न्या' हे वाक्य तोडले, तर दवाखान्यात कधी न्यायचे ते सुटून जाते. शिवाय सगळी वाक्ये चार-पाच शब्दांची झाली की आवाज कवायतीचे हुकूम सोडल्यासारखा येतो. वरच्या मजकुरात पहिले वाक्य दहा शब्दांचे ठेवले आहे ते त्यासाठीच. कारण सांगताना लय थोडी पसरू द्यावी आणि कृती सांगताना आखडावी.

श्वासाचा आवाज नंतर संगणकावर कापून टाकता येतो, म्हणून वाक्य तसेच राहू द्यावे, असे काहींना वाटते. श्वास कापता येतो, पण त्याआधीचा दबलेला आवाज तसाच राहतो.

शेवटची तपासणी दुसऱ्याच्या कानाने करावी. ज्याने कागद पाहिलेला नाही अशा माणसाला मजकूर एकदाच ऐकवावा आणि कृती परत सांगायला लावावी. तो साखर सांगून मिठापाशी अडखळला, तर मिठाचे वाक्य पुन्हा लिहायचे.