हुशार मुलींचा चुकलेला प्रश्न

पेपर तपासून गुण रजिस्टरमध्ये चढले की एमसीक्यूच्या उत्तरपत्रिका गठ्ठा बांधून कपाटात जातात. तो बांधण्याआधी तासभर काढून आपण विचारलेल्या प्रश्नांचीच परीक्षा घेता येते. बी.एड. केलेल्या मंडळींना हे ‘पदविश्लेषण’ या नावाने आठवेल. लागते फक्त कागद, पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी.

एक प्रश्न घेऊ. ‘५०० मिलि सलाईन ८ तासांत द्यायचे आहे. मिनिटाला किती थेंब ठेवाल?’ पर्याय १०, १६, २१ आणि ६३. उत्तरतालिकेत १६. वर्ग ६० जणींचा. पुढचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण असा प्रश्न नर्सिंगच्या कुठल्याही शिक्षिकेच्या हातून जाऊ शकतो.

आधी उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायच्या. वरच्या २७ टक्के, म्हणजे १६, एका बाजूला. खालच्या १६ दुसऱ्या बाजूला. मधल्या २८ बाजूला ठेवायच्या. हा २७ चा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडला: दोन गट एकमेकांपासून पुरेसे वेगळे असावेत आणि फार लहानही होऊ नयेत, याचा तो मध्य आहे. वर्ग तिशीचा असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा घेतला तरी चालते.

आता मोजणी. वरच्या गटात १६ हे उत्तर ५ जणींनी निवडले, २१ हे १० जणींनी, ६३ एकीने. खालच्या गटात १६ निवडणाऱ्या ९, २१ वाल्या ३, आणि १० व ६३ प्रत्येकी दोघींनी.

काठिण्य निर्देशांक काढायला दोन्ही गटांतली बरोबर उत्तरे मिळवायची आणि ३२ ने भागायचे: ५ अधिक ९, म्हणजे १४ भागिले ३२, सुमारे ०.४४. (नाव फसवे आहे, हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा.) साधारण ०.३० ते ०.७० मधला प्रश्न मध्यम धरतात. इथेच थांबलो असतो तर प्रश्न झकास ठरला असता.

भेदन निर्देशांक मात्र वेगळेच सांगतो. वरच्यांच्या बरोबर उत्तरांतून खालच्यांची वजा करून १६ ने भागायचे: ५ वजा ९, म्हणजे उणे ४, भागिले १६, उणे ०.२५. हा आकडा ०.४० च्या पुढे असेल तर प्रश्न उत्तम, ०.२० च्या खाली असेल तर संशयास्पद. उणे आला म्हणजे अभ्यासू मुली चुकल्या आणि कच्च्या मुलींना गुण मिळाले. अशा वेळी मुलींना बोल लावण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा.

वाचल्यावर दिसते की आयव्ही सेट कोणता, हेच सांगितलेले नाही! ८ तासांची ४८० मिनिटे. मिलिलिटरला १५ थेंबांचा सेट धरला तर १६ थेंब येतात. परदेशी पुस्तकांत असे सेट आढळतात. आपल्या वॉर्डात सहसा असतो तो २० थेंबांचा, त्याने २१ येतात. १० थेंबांच्या सेटने १० आणि ६० च्या मायक्रो सेटने ६३. म्हणजे चारही पर्याय बरोबर. वॉर्डात सेटच्या वेष्टनावरचा आकडा वाचणाऱ्या मुलींनी २१ लिहिले आणि गुण गमावले, तर गाईडमधले उदाहरण पाठ केलेल्यांचे फावले. निकाल लावण्याआधी हा प्रश्न रद्द करणे हाच माझ्या मते सरळ मार्ग.

पण दर वेळी कमी आकडा म्हणजे वाईट प्रश्न असे नाही. ‘औषध देण्याआधी रुग्णाची ओळख कशी पटवाल?’ याला वरच्या सर्व १६ आणि खालच्या १५ जणींनी बरोबर उत्तर दिले, तर काठिण्य ०.९७ आणि भेदन जेमतेम ०.०६ येते. जवळपास सगळ्यांनाच येणाऱ्या प्रश्नात भेद दिसणार कुठून? हा प्रश्न काढू नये. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट सगळ्यांना आली, हेच तर हवे होते.

आणखी एक सांभाळायचे. १६ जणींच्या गटात एका मुलीचे उत्तर बदलले तरी भेदन ०.०६ ने हलते. त्यामुळे ०.१८ आणि ०.२२ यांत फरक शोधत बसू नये. उणे आकडा दिसला तर आधी उत्तरतालिकेत चूक झाली नाही ना ते पाहावे, मग प्रश्नाची भाषा, मग वर्गात आपण ते कसे शिकवले.

सलाईनच्या प्रश्नात एवढेच घालायचे: ‘सेटवर मिलिलिटरला २० थेंब असे छापले आहे.’ उत्तर २१. पुढच्या बॅचला विचारा आणि आलेले दोन्ही आकडे तारखेसह प्रश्नाखालीच लिहून ठेवा.