एकाच ठोक्यावर दोन फ्लिपफ्लॉप

चिप बनवणारे इंजिनिअर आज सर्किट हाताने रेखाटत नाहीत, मजकूर लिहितात. तो लिहिण्याच्या सर्वाधिक रुळलेल्या भाषांपैकी एक म्हणजे व्हेरिलॉग. 1984च्या सुमारास फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांच्या हातून ती जन्मली आणि 1995 मध्ये आयईईईचे प्रमाणपत्र घेऊन मानक झाली. मुळात ती सिम्युलेशनसाठी होती. म्हणजे सर्किट कसे वागेल, हे चिप बनण्याआधी संगणकावर चालवून पाहण्यासाठी. त्याच मजकुरातून थेट गेट आणि फ्लिपफ्लॉप काढणारी सिंथेसिसची साधने नंतर आली. त्यामुळे एकच ओळ आता दोघे वाचतात, आणि दोघांचे वाचन जुळेलच याची खात्री नसते. ते बिनसण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे किंमत देण्याची दोन चिन्हे: `=` आणि `<=`.

पहिल्याला ब्लॉकिंग म्हणतात. ही ओळ पूर्ण होऊन डावीकडची किंमत बदलल्याशिवाय पुढची ओळ सुरू होत नाही. दुसरे नॉनब्लॉकिंग. यात उजवी बाजू लगेच मोजली जाते, पण डावीकडे ती किंमत भरण्याचे काम बाजूला ठेवले जाते. त्या क्षणी चालायचे असलेले बाकी सगळे चालून झाले, की मगच बाजूला ठेवलेल्या किमती भरल्या जातात. सिम्युलेटरच्या घड्याळात या सगळ्याला शून्य वेळ लागतो.

फ्लिपफ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारा घटक. क्लॉकचा ठोका पडला की समोर असेल ती किंमत तो उचलतो. दोन फ्लिपफ्लॉप एकापुढे एक लावले, तर बिट पहिल्या ठोक्याला पहिल्यात आणि दुसऱ्या ठोक्याला दुसऱ्यात जायला हवा. स्लॅब टाकताना घमेली हातोहात देणाऱ्या मजुरांची रांग असते, तसेच हे आहे: एका लयीत प्रत्येकाने हातातले घमेले पुढच्याला द्यायचे आणि मागच्याचे घ्यायचे. नवख्या माणसाने ही रांग अशी लिहिली:

```
always @(posedge clk) begin
  q1 = d;
  q2 = q1;
end
```

समजा `q1` आणि `q2` दोन्ही 0 आहेत आणि `d` 1 आहे. ठोका पडला. पहिल्या ओळीने `q1` 1 झाला. दुसरी ओळ चालली तोवर `q1` बदललेला होता, म्हणून `q2`सुद्धा 1. एक घमेले एका दमात रांगेच्या टोकाला पोचले. सिंथेसिसचे साधनही हेच वाचते आणि दोन्ही नावांसाठी एकच फ्लिपफ्लॉप ठेवते. ओळींची अदलाबदल केली की उत्तर बरोबर येते. पण मग सर्किटची शुद्धता ओळींच्या क्रमावर टांगलेली राहते, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी मजकूर नीटनेटका करायला बसतोच.

निदान इथे सिम्युलेटर आणि सिंथेसिस सारखेच चुकतात. खरी पंचाईत त्याच दोन ओळी दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये टाकल्यावर होते.

```
always @(posedge clk) q1 = d;
always @(posedge clk) q2 = q1;
```

ठोका पडताच दोन्ही ब्लॉक जागे होतात. आधी कोणता चालवायचा, हे मानकाने मुद्दाम ठरवलेले नाही. सिम्युलेटरला मोकळीक आहे. वरचा आधी चालला तर `q2`ला नवी किंमत मिळते, खालचा आधी चालला तर जुनी. सिंथेसिस मात्र निमूटपणे दोन फ्लिपफ्लॉप काढते. म्हणून एका कंपनीच्या सिम्युलेटरवर पास झालेली चाचणी दुसऱ्याच्या सिम्युलेटरवर नापास होऊ शकते, किंवा फाइली देण्याचा क्रम बदलला तरी निकाल फिरू शकतो. काहीच न बदलता निकाल बदलला, की अनुभवी माणूस आधी वेव्हफॉर्म उघडतो. `q1` आणि `q2` एकाच ठोक्याला वर चढताना दिसले, की संशयाची सुई `=`वर. दोन्ही ठिकाणी `<=` लिहिले की क्रमाचा प्रश्नच मिटतो: उजव्या बाजू आधी मोजल्या जातात, तेव्हा `q1` जुनाच असतो.

हीच चूक सिंक्रोनायझरमध्ये झाली तर ती सिम्युलेशनमध्ये दिसतही नाही. बाहेरून, उदाहरणार्थ एखाद्या बटनावरून, येणारा सिग्नल क्लॉकला जुमानत नाही. तो ऐन ठोक्याच्या वेळी बदलला तर पहिला फ्लिपफ्लॉप काही काळ 0 आणि 1 यांच्या मध्येच लटकू शकतो. त्याला स्थिरावायला एक ठोका मिळावा म्हणून पुढे दुसरा फ्लिपफ्लॉप लावतात. ब्लॉकिंगच्या त्या पहिल्या मजकुराने दुसरा फ्लिपफ्लॉप गिळला, तर साध्या सिम्युलेशनमध्ये सिग्नल फक्त एक ठोका लवकर येतो, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. लटकण्याची स्थिती सिम्युलेटर दाखवतच नाही. बोर्डावर मात्र यंत्र मधूनच अडकते, कारण सापडत नाही, आणि दोष बऱ्याचदा बिचाऱ्या पॉवर सप्लायवर जातो.

क्लिफर्ड कमिंग्ज यांनी 2000 मध्ये या विषयावर मांडलेला निबंध क्षेत्रात आजही हातोहात फिरतो. त्यातले सूत्र थोडक्यात असे: क्लॉकवर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये `<=`, नुसत्या गेटच्या ब्लॉकमध्ये `=`, आणि एका ब्लॉकमध्ये दोन्हींची खिचडी नको. गेटच्या बाबतीत कारण सोपे आहे. तिथे मधली किंमत पुढच्या ओळीला लगेच हवी असते. तिथे `<=` लिहिले आणि ती मधली किंमत ब्लॉकच्या यादीत नसली, तर सिम्युलेशनमधले उत्तर शिळे राहते, तर सिंथेसिस बरोबर गेट काढून मोकळे होते.

पण सूत्र डोळे मिटून लावले तरी एक खड्डा उरतोच. मुख्य क्लॉकमधून निम्म्या वेगाचा दुसरा क्लॉक काढायचा आहे:

```
always @(posedge clk)  clk2 <= ~clk2;
always @(posedge clk)  a    <= d;
always @(posedge clk2) b    <= a;
```

प्रत्येक ओळ नियमात बसते. तरी ठोका पडला की `clk2` आणि `a` या दोघांच्याही नव्या किमती बाजूला ठेवल्या जातात आणि एकाच फेरीत भरल्या जातात. `clk2` वर चढल्यामुळे तिसरा ब्लॉक जागा होतो, पण तोवर बहुतेक सिम्युलेटरमध्ये `a` नवा झालेला असतो, आणि `b` तोच उचलतो. चिपवर दोन्ही क्लॉक नीट जुळवून घेतले असतील, तर `b`ला जुना `a` मिळायला हवा. पुन्हा एक ठोका गायब, आणि या वेळी एकही `=` नसताना! उपाय उलटा आहे: क्लॉक तयार करणारी ती एकच ओळ `clk2 = ~clk2;` अशी ब्लॉकिंग लिहायची. मग `clk2` आधी बदलतो, तिसरा ब्लॉक जुना `a` मोजून घेतो, आणि `a` त्यानंतर नवा होतो.

मजकूर तपासणारी लिंट साधने पुष्कळशी खिचडी पकडतात. व्हेरिलेटर हे खुले साधन क्लॉकच्या ब्लॉकमध्ये `=` दिसल्यास `BLKSEQ`, आणि गेटच्या ब्लॉकमध्ये `<=` दिसल्यास `COMBDLY` असा इशारा देते. पुढे सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये `always_ff` आले. त्याने पुष्कळ शिस्त लावली, तरी आत `=` लिहायला भाषेची मनाई नाही. आणि क्लॉक विभागणाऱ्या त्या ओळीत `=` हेच बरोबर असल्याने `BLKSEQ` नेमका तिथे येतो. म्हणून तिच्या डोक्यावर `// verilator lint_off BLKSEQ` असे लिहून खाली कारणाची एक ओळ टाकतात. कारण लिहिले नाही, तर पुढे येणारा इशारा बंद करण्यापेक्षा ओळच `<=` करून टाकतो.