दलाली कोण देणार? घर बघायला जाण्याआधीचा प्रश्न

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधणारा माणूस भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, हेही विचारतो. एजंटच्या दलालीचा विषय मात्र बहुतेक वेळा घर आवडल्यावर निघतो. तोपर्यंत बायकोने स्वयंपाकघरात फ्रिजची जागा ठरवलेली असते, मुलांची शाळा जवळ आहे हे कळलेलं असतं आणि एजंट सांगत असतो की संध्याकाळी आणखी दोन पार्ट्या बघायला येणार आहेत. अशा वेळी ‘एक महिन्याचं ब्रोकरेज’ हे शब्द कानावर पडले की मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून हा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारायचा, लिफ्टमध्ये शिरण्याच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे भाड्याच्या घराच्या दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. अनेकांना वाटतं की एजंटकडे महारेराचा नोंदणी क्रमांक असला म्हणजे त्याची फीसुद्धा सरकारमान्य असणार. पण 2016 च्या रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहाराभोवती आहे. भाड्याचा व्यवहार तिच्यात येत नाही. त्यामुळे त्या क्रमांकावरून एजंट विक्रीच्या कामासाठी नोंदलेला आहे एवढं कळतं. तुमच्याकडून किती घ्यावं हे त्यातून कळत नाही. उरतो तो रिवाज. अकरा महिन्यांच्या करारासाठी भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आकडा. काही ठिकाणी पंधरा दिवसांच्या भाड्यावर भागतं, तर करार लांब मुदतीचा असेल तर काही एजंट दोन महिन्यांचं मागतात. रिवाज हा कायदा नसतो, त्यामुळे बोलून ठरवायला जागा असते. पण ती जागा घर नक्की करण्याआधीच असते.

‘दलाली किती?’ हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की हा एजंट कोणाच्या वतीने काम करतोय? मालकाने त्याला घर लावून द्यायला सांगितलंय, की तुम्ही त्याला घर शोधायला सांगितलंय? बऱ्याच व्यवहारांत दोन एजंट असतात. एक त्या भागातला, ज्याच्याकडे मालकाने चावी ठेवलेली असते. दुसरा तुम्ही गाठलेला, ज्याच्याकडे चावी नसते, पण पहिल्याशी ओळख असते. धंद्याच्या भाषेत यातल्या वाटणीला ‘साइड बाय साइड’ म्हणतात. मालकाचा एजंट मालकाकडून घेतो, भाडेकरूचा एजंट भाडेकरूकडून. ही रीत सरळ आहे. गोंधळ होतो तो मालक दलाली द्यायला तयार नसतो तेव्हा. मग दोघंही एजंट भाडेकरूकडे बघतात. एका महिन्याची दलाली दोघांत वाटून घ्यायची की दोघांची वेगवेगळी द्यायची, हे आधी बोललेलं नसेल तर दारात उभं राहून वाद होतो.

आणि एकच एजंट असेल, तर तो दोन्ही बाजूंकडून घेतोय का, हेही विचारायला हरकत नाही. घेत असेल तर ते बेकायदा नाही. पण ज्याला मालकाकडूनही मेहनताना मिळतोय, तो तुमच्यासाठी भाडं किती नेटाने कमी करून घेईल, याचा अंदाज तुम्हाला यायला हवा. माझं मत विचाराल तर, ज्याने काम सांगितलं त्याने पैसे द्यावेत हीच न्यायाची रीत. जर्मनीत 1 जून 2015 पासून भाड्याच्या घरांसाठी हाच कायदा आहे. त्याआधी मालकाने नेमलेल्या एजंटचेही पैसे भाडेकरूच भरायचा. न्यूयॉर्क शहरातही जून 2025 पासून मालकाच्या वतीने घराची जाहिरात करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून फी घेता येत नाही. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत भाडेकरूने आपणहून विचारणं एवढाच आधार आहे.

एक व्यवहार आकड्यांसकट बघू. ठाण्यात घोडबंदर रोडला वन बीएचके, भाडं 24,000, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा. फोनवरचं बोलणं साधारण असं व्हावं.

“दादा, फ्लॅट बघायला येते, पण आधी दलालीचं सांगा.”

“मॅडम, एक महिन्याचं. सगळीकडे तेच आहे.”

“ते तुमचं एकट्याचं, की चावी ज्यांच्याकडे आहे त्यांचंही त्यातच?”

“चावीवाला वेगळा आहे. त्याचं मालक बघतील.”

“मालक देणार हे ठरलंय का? नाहीतर नंतर ते माझ्याकडे मागतील.”

“विचारून सांगतो.”

या ‘विचारून सांगतो’साठीच फोन केलेला असतो. एजंटने उलट फोन करून सांगितलं की दोघांचं मिळून 24,000, तर ठीक. दोघांचे वेगवेगळे म्हणाला, तर मागणी 48,000 वर गेली, आणि हे घर बघायला जायचं की नाही याचा निर्णय तुम्ही घरात बसून शांतपणे घेऊ शकता.

याच फोनवर आणखी एक विचारायचं. या 24,000 वर जीएसटी लागणार का? एजंटची नोंदणी असेल तर 18 टक्के, म्हणजे 4,320 रुपये वर जातात आणि रक्कम 28,320 होते. नोंदणी असेल तर त्याने जीएसटी क्रमांकासह पावती द्यायला हवी. पावती नाही आणि कर मात्र मागतोय, असं असेल तर तो कर देऊ नये.

‘ॲग्रीमेंटचा खर्च’ या नावाने मागितली जाणारी रक्कमही दलालीपासून वेगळी काढून बघायला हवी. या उदाहरणात एजंट 5,000 सांगतो असं धरू. लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का. अकरा महिन्यांचं भाडं 2,64,000, डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज साधारण 9,167. दोन्हींच्या बेरजेचा पाव टक्का म्हणजे सातशेच्या आसपास. शहरी भागातली नोंदणी फी 1,000 आणि ऑनलाइन नोंदणीचा दस्त हाताळणीचा आकार 300. म्हणजे सरकारकडे जाणारे साधारण 2,000. उरलेले 3,000 करार टाईप करण्याचे आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येण्याचे. तेही काम आहे आणि त्याचे पैसे मागणं गैर नाही. पण ते पैसे सरकारी नाहीत, म्हणून त्यावर घासाघीस करता येते आणि मालकाने निम्मे द्यावेत असंही म्हणता येतं. करार नोंदवण्याची जबाबदारी तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावरच टाकलेली आहे.

आता पैसे कधी द्यायचे ते. काही एजंट घर दाखवण्याचेच दोनशे-पाचशे मागतात, काही टोकन देतानाच सगळी दलाली मागतात. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 219 सांगतं, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटचा मेहनताना काम पूर्ण झाल्यावरच देणं लागतो. भाड्याच्या घरात काम पूर्ण होणं म्हणजे काय, हे आपणच स्पष्ट बोलून घ्यावं. माझा आग्रह असा, की करार नोंदवला गेला आणि चावी हातात आली की पैसे. टोकन दिल्यावर मालकाने मन बदललं किंवा सोसायटीने एनओसी अडवली, तर टोकन परत मिळेल ना आणि दलाली लागणार नाही ना, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावं. टोकन शक्यतो थेट मालकाच्या खात्यात द्यावं. ते एजंटच्या खात्यात गेलं, की दलालीपोटी ठेवून घेतलं असं तो म्हणू शकतो.

गप्प राहिलं म्हणजे पैसे द्यावे लागणार नाहीत, असं मात्र समजू नये. त्याच कायद्याचं कलम 70 असं, की कोणी फुकट करण्याचा हेतू नसताना आपल्यासाठी काम केलं आणि त्याचा लाभ आपण घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. एजंटने घर दाखवलं आणि नंतर वॉचमनकडून मालकाचा नंबर काढून परस्पर करार केला, तर त्याची तक्रार रास्त आहे. उन्हातान्हात चार घरं दाखवत फिरणाऱ्या माणसाच्या कष्टाचे पैसे बुडवणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. एकच फ्लॅट दोन एजंटांनी दाखवला तरी भांडण होतं, कारण पहिला म्हणतो गिऱ्हाईक माझं. म्हणून घर बघायला जाण्याआधी सोसायटीचं नाव आणि विंग विचारा. तिथे आधी कोणाबरोबर जाऊन आला असाल तर तसं सांगून टाका.

फोनवर जे ठरलं ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं. वकिली भाषेची गरज नाही. “आपल्या बोलण्याप्रमाणे तुमची आणि चावीवाल्या एजंटची मिळून दलाली 24,000, जीएसटी वेगळा नाही. करार नोंदवून चावी मिळाल्यावर देईन. व्यवहार फिसकटला तर दलाली नाही. बरोबर असेल तर कळवा.” समोरून ‘ओके’ आलं की ते जपून ठेवा. जो एजंट फोनवर सगळं कबूल करतो पण या मेसेजला उत्तर देत नाही, ‘या हो, बघू नंतर’ म्हणतो, त्याच्याबरोबर जाण्याआधी पुन्हा एकदा विचार करावा. जे एजंट याच भागात वर्षानुवर्षं धंदा करतात त्यांना असा मेसेज खटकत नाही. उलट त्यांचाही वेळ वाचतो.

त्या मेसेजमध्ये आणखी एक वाक्य घालावं, कारण त्याची आठवण बहुतेकांना अकराव्या महिन्यात होते. करार संपत आला की तोच एजंट फोन करतो आणि नूतनीकरणाचे पंधरा दिवसांचे किंवा महिन्याचे पैसे मागतो. घर तेच, मालक तोच, नवीन काही शोधलेलं नाही. काही वेळा ही अट करारातच एका ओळीत लिहिलेली असते आणि सही करताना ती वाचली जात नाही. तेव्हा सुरुवातीलाच “नूतनीकरणाला दलाली नाही, फक्त करार नोंदवण्याचा प्रत्यक्ष खर्च” असं लिहून घ्या आणि मसुदा आला की ती ओळ शोधा. घरात दोन-तीन वर्षं राहायचं नक्की असेल तर मालकाशी बोलून करारच तेवढ्या मुदतीचा करता येतो. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्काचा हाच पाव टक्का लागतो. फक्त मुदत वाढली म्हणून दलाली वाढणार का, ते एजंटला त्याच पहिल्या फोनवर विचारून ठेवा.