तबकडीने घडवलेला क्रमांक

भिलाईतील घरगुती दूरध्वनीशी बाहेरगावाहून बोलायचे, तर आरंभी ०७८८ हा संकेत लावावा लागतो. मुंबईसाठी मात्र ०२२ पुरतो. आज कळा दाबणाऱ्याला हा एका आकड्याचाच फरक वाटेल. फिरत्या तबकडीवर तो बोटाला जाणवे आणि कानालाही ऐकू येई.

तबकडीच्या भोकात बोट घालून ती अडणीपर्यंत फिरवली, की आतली स्प्रिंग ताणली जाई. बोट काढताच तबकडी संथ, ठरावीक गतीने मागे येई आणि येता येता तारेतील विद्युत्प्रवाह तोडून पुन्हा जोडी. सातासाठी सात वेळा, आठासाठी आठ वेळा. प्रवाह मुळीच न तोडणे हा काही निरोप होऊ शकत नाही. म्हणून शून्यासाठी दहा खंड पडत. सेकंदाला असे सुमारे दहा खंड होत. ०७८८ साठी दहा, सात, आठ आणि आठ मिळून ३३ खंड पडत, तर ०२२ साठी केवळ १४. अमेरिकेत १९४७ साली विभागीय संकेत ठरवताना हा हिशेब जाणूनबुजून केला गेला आणि वर्दळीच्या न्यूयॉर्कला २१२ हा झटपट फिरणारा संकेत मिळाला.

हे खंड मोजी ते केंद्रातील निवडयंत्र. आल्मन स्ट्राउजर यांनी १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. समजा, एखाद्या क्रमांकाच्या अखेरीस ४६ आहे. चार खंड येताच यंत्राचा दांडा चार पायऱ्या वर चढे. पुढच्या सहा खंडांनी तो त्याच मजल्यावर वळून सहाव्या तारेवर टेके. दहा मजले आणि प्रत्येकावर दहा जागा, अशा शंभर तारांतून एक निवडली जाई. त्याआधीचे आकडे योग्य शतकापर्यंत आणि केंद्रापर्यंत वाट काढीत. म्हणजे क्रमांक हे ग्राहकाचे नुसते नाव नव्हते. ती यंत्राला दिलेली वाट होती.

पूर्वी हीच वाट माणसाला तोंडी सांगत. लंडनमध्ये ‘व्हाइटहॉल १२१२’ म्हटले, की चालिका पोलिस मुख्यालय जोडून देई. १९२७ पासून तेथे स्वयंचलित केंद्रे आली, तेव्हा तबकडीवर आकड्यांशेजारी रोमन अक्षरे छापली गेली. व्हाइटहॉलची पहिली तीन अक्षरे फिरवली, की ९४४ हे आकडे यंत्राकडे जात. पण एका भोकात तीन-तीन अक्षरे असल्याने दोन निराळ्या केंद्रनामांचे आकडे एकच निघण्याचा धोका असे. त्यामुळे सुंदर नाव सुचले, तरी ते नेहमीच ठेवता येत नसे. अखेर १९६६ पासून तेथे नावे सोडून निव्वळ आकडे घेण्यास प्रारंभ झाला.

एकाची अडचण निराळी होती. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या किंवा रिसीव्हरखालची कळ चुकून दबली, तरी एक खंड पडे. यंत्राला तो एकाचा आकडा वाटे. शून्य परगावासाठी राखलेले. म्हणून सामान्य ग्राहकाच्या क्रमांकाचा आरंभ दोन किंवा त्यापुढील आकड्याने करण्याची रीत पडली.

चढणारी, वळणारी ती यंत्रे आता केंद्रांतून गेली आहेत. भिलाईच्या संकेतातील आरंभीचे शून्य मात्र तसेच आहे; त्याला दहा खंडांची गरज उरलेली नाही, इतकेच.